अंदाज आणि अक्षर : आक्षीचा दगड आणि आमचा एक कागद

आजचा लेख एका चुकीपासून सुरू होतो, आणि चूक माझीच आहे. तेव्हा आधी ती सांगून टाकतो, म्हणजे मग इतिहासाकडे मोकळेपणाने वळता येईल.

मागच्या वर्षी रोह्याच्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मोडी लिपीतला एक कागद सापडला होता, चार घड्या घातलेला, कडा खाल्लेल्या. खाली काकांचा निरोप: "तू मोडी शिकलास ना? वाच बघू काय लिहिलंय." मी पुण्यात कोडिंग करून पोट भरतो आणि शनिवार-रविवारी हौस म्हणून मोडीच्या वर्गाला गेलो होतो. तेवढ्या भांडवलावर दोन रात्री जागून कागद लावला आणि काकांना झकास मराठीत भाषांतर पाठवून दिलं. एक वाडी आणि तिच्याबरोबर घरच्या देवीच्या पूजेचा मान आमच्या मूळपुरुषाला दिला, साल इसवी सन १७७७-७८. कुठे प्रश्नचिन्ह नाही, कुठे रिकामी जागा नाही. वाचायला कसं गुळगुळीत!

काकांनी ते भाषांतर छापून घेतलं आणि पेणच्या भाऊबंदांकडे नेलं. आमची एक पाती पेणला असते. देवीच्या पूजेची पहिली पाळी कुणाची, यावरून दोन घरांत जुनी धुसफूस आहे. पेणकरांकडेही एक कागद आहे, तो १७८० च्या सुमाराचा. माझ्या भाषांतराप्रमाणे आमचा कागद आधीचा ठरत होता. म्हणजे मान आमचा. पेणच्या आबांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "यातलं साल कुठल्या अक्षरावर वाचलंय, ते दाखव."

काकांनी मला फोन लावला. मी फोटो उघडला आणि गप्प झालो. ज्या शब्दावर साल उभं होतं, त्या शब्दावरूनच घडी गेली होती. तिथे शाई नव्हतीच. तो शब्द मी वाचला नव्हता, भरला होता.

त्या कागदाकडे परत येऊ. मधल्या काळात "वाचलेलं" आणि "भरलेलं" वेगळं कसं ठेवायचं हे शिकण्यासाठी मी जे उदाहरण धरलं, ते पेणहून दीडेक तासावर आहे आणि ते आधी बघणं बरं.

आक्षीचा दगड

पेणहून वडखळ नाक्याला उजवीकडे वळायचं, पोयनाड, मग अलिबाग. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आक्षी येतं. नारळी-पोफळी, वाड्या, समुद्र. या गावात एक शिलालेख आहे, नऊ ओळींचा, वर सूर्य-चंद्र कोरलेले. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्येही आक्षीच्या कोरीव दगडांची नोंद आहे. पण या लेखाला आज जी कीर्ती आहे ती डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनामुळे. त्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हे पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६३ साली काढलं. तुळपुळ्यांच्या वाचनाप्रमाणे लेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा आहे.

आता यात पणाला काय लागलंय ते पाहा. सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडल इथे संगमेश्वराच्या देवळात एक मराठी लेख आहे, त्याचा शक ९४०. श्रवणबेळगोळचा लेख तर आपण शाळेपासून ऐकत आलोय. "तारीख असलेला सर्वांत जुना मराठी लेख कुठला?" या प्रश्नाचं उत्तर आक्षी की कुडल, हे फक्त सहा वर्षांच्या फरकावर आहे. आक्षीचे ते तीन आकडे, ९, ३ आणि ४, नीट वाचले गेले असतील तर मान रायगडचा. नसतील तर सोलापूरचा. (आमच्या देवीच्या पाळीसारखंच झालं की!)

तुळपुळ्यांच्या वाचनातला सुरुवातीचा आणि मधला भाग साधारण असा आहे: "गीं सुष संतु । स्वस्ति ओं । पसीमसमुद्राधीपती । स्री कोंकणा चक्रीवर्ती । स्री केसीदेवराय । महाप्रधान भइर्जु सेणुई..." पुढे "सकु संवतु ९३४ प्रधावी सवसरे अधीकू दीवे सुक्रे बौलु", मग "भइर्जुवे बोडणा तथा नऊ कुवली अधोरी प्रधाना । महालषीची वआण । लुनया कचली ज".

आणि याचं जे भाषांतर सगळीकडे फिरतं, ते ढोबळमानाने असं: जगी सुख नांदो. पश्चिम समुद्राचा अधिपती, कोंकणचा चक्रवर्ती श्री केशिदेवराय याचा महाप्रधान भइर्जु सेणुई याने शके ९३४, परिधावी संवत्सरात, शुक्रवारी, महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य द्यायचं ठरवलं.

दोन्ही शेजारी ठेवून वाचा. भाषांतर सलग आहे, दगड सलग नाही. भाषांतराच्या प्रत्येक शब्दाला सारखंच वजन आहे, दगडावरच्या अक्षरांना नाही. मी घरी एक वही घेतली आणि भाषांतरातल्या प्रत्येक शब्दासमोर लिहीत गेलो, की हा कुठून आला? चार प्रकार निघाले.

पहिला प्रकार, सरळ वाचलेले शब्द. "महाप्रधान", "नऊ", "कोंकणा". अक्षर आहे, अर्थ आजही तोच आहे.

दुसरा प्रकार, अक्षर वाचलं पण आजच्या रूपात आणताना थोडी मदत लागली. "सुष" म्हणजे सुख, "महालषी" म्हणजे महालक्ष्मी, "पसीम" म्हणजे पश्चिम. जुन्या लेखांत ख च्या जागी ष लिहिण्याची पद्धत ठिकठिकाणी दिसते, त्यामुळे "सुष" चं सुख करणं हा अंदाज नाही, ती नियमाने केलेली दुरुस्ती आहे. तरीही ती दुरुस्ती आहे हे दिसायला हवं. वाचन देताना "सुष" च द्यायचं आणि भाषांतरात सुख. वाचनातच सुख लिहिलं, तर पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही की दगडावर काय होतं.

तिसरा प्रकार, भरलेले शब्द. भाषांतरातलं "जगी" घ्या. वाचन सुरू होतं "गीं" पासून. आधीचा "ज" संपादकाने अर्थावरून धरला आहे. पटण्यासारखा आहे, पण धरलेला आहे. तसंच "धान्य". दगडावर धान्य हा शब्द नाही. "कुवली" हे माप मानलं, माप म्हटलं की धान्य आलं, म्हणून भाषांतरात धान्य आलं. "द्यायचं ठरवलं" या क्रियापदाचंही तेच.

चौथा प्रकार माझ्यासाठी नवा होता. "वआण लुनया कचली". इथे अक्षरं वाचलेली आहेत, कदाचित बरोबरही असतील, पण त्यांचा अर्थ खात्रीने लागत नाही. आपण नेहमी समजतो की वाचता आलं नाही म्हणजे अक्षर पुसलंय. पण अक्षर स्वच्छ आणि अर्थ अंधुक असंही होतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या लिहायला हव्यात. पहिलीचं औषध म्हणजे चांगला ठसा, दुसरीचं म्हणजे त्याच शब्दाचा दुसरा लेख सापडणं. फिरणाऱ्या भाषांतरात या शेवटच्या तुकड्याचं काय होतं ठाऊक आहे? काही होत नाही. तो गुपचूप गळतो. "पुढचं कळलं नाही" एवढंही कुणी लिहीत नाही.

"बोडण" मात्र मजेशीर आहे. हा शब्द मी काकूला फोनवर वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "अरे, त्यात वाचायचं काय? आपल्याकडे लग्न-मुंज झाली की बोडण भरतात. सवाष्णी आणि कुमारिका बसतात, परातीत पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप घालून कालवतात." म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या म्हणवल्या जाणाऱ्या दगडावरचा शब्द रोह्याच्या स्वयंपाकघरात जिवंत आहे, आणि तोही देवीशीच जोडलेला. हा दाखला वाचनाला बळ देतो. पण किती? "बोडणा" हे अक्षर बरोबर वाचलंय इतपत. तेव्हाचं बोडण आणि काकूचं बोडण एकच होतं, हे त्याने सिद्ध होत नाही.

आकड्याची पडताळणी

आता त्या तीन आकड्यांकडे. लेखातला केशिदेव कोणता, आणि आकडा खरंच ९३४ आहे का, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. कारण उत्तर कोंकणच्या शिलाहारांत केशिदेव दोन. एक अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याचं दुसरं नाव अरिकेसरी. ठाण्याला सापडलेले त्याचे ताम्रपट शके ९३९ चे आहेत. दुसरा केशिदेव तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, साधारण शके ११२५ ते ११६१ मधले त्याचे लेख आहेत. आकडा झिजलेला म्हणून बाजूला ठेवला, तर नुसत्या राजाच्या नावावरून दोनशे वर्षांचा घोळ होऊ शकतो.

सुदैवाने त्याच दगडावर आकड्याला तपासणारी दुसरी गोष्ट कोरलेली आहे. संवत्सराचं नाव. साठ संवत्सरं ओळीने फिरतात, त्यामुळे प्रत्येक शकाला एकच नाव येतं. हिशोब सोपा आहे. दक्षिणी पद्धतीत शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत हा सरळ सरळ चेकसम आहे.

आधी हा नियम या प्रदेशात चालतो का ते बघू. ठाण्याच्या ताम्रपटांचा शक ९३९. बारा मिळवले की ९५१, साठने भागलं की बाकी ५१. एक्कावन्नावं संवत्सर पिंगल, आणि ताम्रपटात पिंगलच आहे. कुडलचा शक ९४०, बाकी ५२, म्हणजे कालयुक्त. तिथेही तेच लिहिलंय. नियम चालतो.

आता आक्षी. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६. सेहेचाळिसावं संवत्सर परिधावी. दगडावर "प्रधावी". आकडा आणि नाव एकमेकांना दुजोरा देतात. वाचकाने इथे टाळी वाजवायला हरकत नाही, पण जरा थांबा. हा दुजोरा कशावर उभा आहे? "प्रधावी" मधलं "धावी" नीट वाचलं गेलंय, यावर.

समजा कुणी म्हणालं, की हा दुसराच केशिदेव. तर त्याच्या काळात परिधावी येतं का? साठ-साठ वर्षं पुढे जाऊ. ९३४ नंतर ९९४, १०५४, १११४, ११७४. शके ११२५ ते ११६१ च्या मधे एकही पडत नाही. म्हणजे "प्रधावी" कायम ठेवून दुसरा केशिदेव बसवताच येत नाही. त्याला बसवायचं, तर आकड्याबरोबर संवत्सराचं नावही वेगळं वाचावं लागेल. आणि गंमत म्हणजे "प्र" ने सुरू होणारी संवत्सरं बरीच आहेत. शके ११३२ ला बाकी ४ येते, ते प्रमोद. शके ११४१ ला बाकी १३, ते प्रमाथी. दोन्ही साल दुसऱ्या केशिदेवाच्या काळात बरोबर बसतात!

म्हणजे सगळा वाद कुठे येऊन थांबला ते बघा. आधी तीन झिजके आकडे होते, आता प्रश्न एवढाच उरला, की "प्र" नंतर "धा" आहे की दुसरं अक्षर. माझ्या मते ही फार मोठी प्रगती आहे. "हा लेख बहुधा १०१२ चा असावा" असं मोघम म्हणण्यापेक्षा "प्र नंतरचं अक्षर धा असेल, तर साल ९३४ सोडून दुसरं बसत नाही" हे वाक्य जास्त उपयोगाचं आहे. पुढच्या माणसाला दगडापाशी जाऊन नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

तिसरी पडताळणी करता आली असती, वाराची. लेखात "सुक्रे" म्हणजे शुक्रवार आहे, "बौलु" म्हणजे बहुल किंवा कृष्ण पक्ष असं मानतात. पण या वाचनात महिन्याचं नाव नाही आणि तिथीही नाही, नुसतं "अधीकू" आहे. महिना आणि तिथीशिवाय वार तपासता येत नाही. तो रस्ता बंद. बंद आहे हेही लिहून ठेवायचं.

कंसांची शिस्त

हे सगळं लिहायचं कसं, याची सोय जुन्या लोकांनी करून ठेवलेली आहे. 'एपिग्राफिया इंडिका' हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं शिलालेखांचं नियतकालिक. त्यात अक्षर खराब झालंय पण वाचता येतं, तर ते चौकोनी कंसात. अक्षर नाहीच आणि संपादकाने भरलंय, तर चौकोनी कंसात आणि जोडीला फुली. कोरणाऱ्याची चूक सुधारली, तर सुधारलेलं गोल कंसात. आणि पूर्ण गेलेल्या अक्षरांच्या जागी तितकी टिंबं किंवा आडव्या रेघा. युरोपातल्या ग्रीक-लॅटिन लेखांच्या अभ्यासकांनी १९३१ साली लायडन इथे अशीच चिन्हं ठरवून घेतली, तिथे शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात.

चिन्हं कुठली हा मुद्दा गौण. खरी अडचण ही, की हे कंस वाचनात असतात, भाषांतरात नसतात. संपादक प्रामाणिकपणे कंस घालतो, भाषांतर करणारा ते गाळतो, वर्तमानपत्र भाषांतर उचलतं आणि गावातल्या पाटीवर ते छापलं जातं. चौथ्या पायरीला "गीं" च्या आधीचा "ज" दगडावर असल्यासारखाच होतो. म्हणून भाषांतरातही शंका जिथली तिथे हवी. "[ज]गी सुख नांदो", "नऊ कुवली (धान्य?)", "पुढची तीन शब्दांची जागा: अक्षरं वाचली, अर्थ लागला नाही". वाचायला खडबडीत लागतं, मान्य. पण दगडच खडबडीत आहे, त्याला कोण काय करणार?

फोटोवरून वाचायचं असेल तर अजून एक भानगड. भर दुपारी काढलेल्या फोटोत कोरीव अक्षरं सपाट होतात. आणि प्रकाश एकाच बाजूने आला, तर त्या दिशेला समांतर असलेली रेघ दिसतच नाही. मी आता बॅटरी आडवी धरून चार बाजूंनी चार फोटो काढतो. चारही फोटोंत दिसतं ते अक्षर, एकातच दिसतं तो बहुतेक दगडाचा खड्डा. अनुस्वाराच्या बाबतीत तर हा फसवा खेळ नेहमीचा. आणि कुणी अक्षरांत रंग भरलेला असेल तर विशेष सावध, कारण मग आपण दगड वाचत नाही, रंगाऱ्याचं वाचन वाचतो.

स्वतःची खात्री मोजायला मी एक साधी युक्ती वापरतो. पहिलं वाचन करून वही बंद करायची. आठवड्याने, पहिलं न बघता, दुसरं वाचन. मग दोन्ही शेजारी. जिथे फरक, तिथे कंस. मनात "मला खात्री आहे" असं कितीही वाटलं, तरी दोन वाचनांत अक्षर बदललं असेल तर खात्री नाही, विषय संपला.

परत रोह्याला

आक्षीहून मी पेणला परतलो नाही. रेवदंड्याचा पूल ओलांडून कुंडलिकेच्या पलीकडून रोह्याला गेलो आणि काकांकडून मूळ कागद मागून घेतला. घडी हलकेच उघडून काचेखाली ठेवली, मागून दिवा धरला.

मोडी कागदात साल बऱ्याचदा सुहूर सनात असतं आणि अरबी संख्याशब्दांत लिहितात. आमच्या कागदावर "सन समान", मग घडीत गेलेला शब्द, मग "मया व अलफ". समान म्हणजे आठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे अकराशे काहीतरी आणि शेवटी आठ. घडीत गेला तो दशकाचा शब्द. मी तिथे "सबैन", म्हणजे सत्तर, भरून ११७८ केलं होतं. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून १७७७-७८. सबैनच का भरलं? कारण घरात ऐकलं होतं की कागद सवाई माधवरावांच्या वेळचा. ऐकीव गोष्ट कागदात घातली आणि मग "कागदही तेच म्हणतो" म्हणून बाहेर काढली.

दिव्यावर धरल्यावर त्या शब्दाचा शेवट दिसला, "ऐन". सुरुवात नाहीच. आता हिशोब करू. वीस म्हणजे अशरीन, तीस सलासीन, ऐंशी समानीन. या तिघांचा शेवट "ईन", म्हणून हे तिन्ही बाद. दहाचा अशर तसाही बाद. उरले चाळीस ते सत्तर आणि नव्वद: अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, तिसैन. पाचांचा शेवट "ऐन". म्हणजे साल ११४८, ११५८, ११६८, ११७८ किंवा ११९८. इसवी सनात १७४७, १७५७, १७६७, १७७७ किंवा १७९७ चा जून ते पुढचा जून. चार पर्याय पेणच्या कागदाच्या आधीचे, एक नंतरचा.

आक्षीच्या दगडासारखा इथे चेकसम नाही. शकही नाही, संवत्सरही नाही, वारही नाही. महिना आणि चंद्र आहे, पण वाराशिवाय तो काही तपासत नाही.

मग मी काकांना नवीन कागद करून दिला. एका रकान्यात मोडीतलं अक्षर जसंच्या तसं, दुसऱ्यात आजचं रूप, तिसऱ्यात शेरा: वाचलं, धरलं, किंवा गेलं. सालाच्या ओळीत लिहिलं, "सन समान [---]ऐन मया व अलफ", आणि खाली पाचही सालं. पूजेचा मान लिहिलेली ओळ मात्र सबंध स्पष्ट होती, तिथे "वाचलं" लिहिलं.

काका जरा खट्टू झाले. म्हणाले, "अरे, एकूण किती टक्के खात्री, ते सांग ना. नव्वद?" मी म्हटलं, काका, अक्षरं मोजली तर नव्वदच्या वरच निघेल. पण जे गेलंय ते नेमकं तुमच्या भांडणाचं अक्षर आहे. सबंध पानाला एक आकडा दिला, की चांगल्या वाचलेल्या ओळींची पत त्या घडीतल्या शब्दालाही मिळते. मागच्या वेळी हेच झालं होतं.

ते तीन रकाने घेऊन काका पुन्हा पेणला गेले. या वेळी मीही गेलो, चूक माझी होती म्हणून. आबांनी सगळं वाचलं, "ऐन" वर बोट ठेवलं, आणि आपल्या कपाटातून त्यांचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "हाही आम्हाला कुणीतरी असाच गुळगुळीत करून दिलाय चाळीस वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "मूळ तू बघ."

त्याचे चार बाजूंनी फोटो काढून आणलेत. पहिलं वाचन झालंय, वही बंद केलीय. दुसरं पुढच्या शनिवारी.